"१७ नंबर माझी!" पासून पैसे जमा होईपर्यंत: लाइव्हमधल्या लिंकचा चेकआउटपर्यंतचा प्रवास

सोलापूरच्या एक ताई दर गुरुवारी रात्री नऊला इन्स्टाग्रामवर लाइव्ह येऊन खणाच्या साड्या विकतात. प्रत्येक साडीला सेफ्टी पिनने नंबराची चिठ्ठी लावलेली असते. त्यांनी सतरा नंबरची घडी मोडली, की खाली कॉमेंट सुरू होतात: "17", "१७ माझी", "ताई सतरा ठेवा हं". पूर्वी लाइव्ह संपलं की त्या बारापर्यंत जागून कॉमेंट वाचायच्या, एकेकीला क्यूआर कोड पाठवायच्या आणि आलेले स्क्रीनशॉट वहीत टिपून ठेवायच्या. एकाच साडीचे दोघींकडून पैसे आले, असं महिन्यातून दोनदा तरी व्हायचं. मग एकीची समजूत काढा, पैसे परत करा.

त्यांचं लाइव्ह वेबसाइटवरच्या चेकआउटला जोडून द्यायचं काम माझ्याकडे आलं. ते करताना काय जोडलं, कुठे अडलं आणि कशाने सुटलं, ते इथे क्रमाने लिहितो. दुकान वूकॉमर्सवर, म्हणजे वर्डप्रेसच्या साइटवर दुकान चालवणाऱ्या प्लगिनवर आहे, म्हणून उदाहरणंही तिथलीच.

बटणाच्या मागे असतं काय?

ताईंचा पहिला प्रश्न होता, "लाइव्हमध्येच 'खरेदी करा' असं बटण येत नाही का?" आता येत नाही. फेसबुकने लाइव्ह शॉपिंगची सोय १ ऑक्टोबर २०२२ ला बंद केली, आणि लाइव्हमध्ये वस्तू टॅग करायची इन्स्टाग्रामवरची सोय १६ मार्च २०२३ ला गेली. साध्या पोस्टवर आणि रीलवर वस्तू टॅग करता येते. पण आपल्याकडे त्या टॅगवर दाबल्यावर पैसे इन्स्टाग्राममध्ये भरले जात नाहीत. आधी वस्तूचं छोटं पान उघडतं, तिथे `View on website` दाबलं की गिऱ्हाईक तुमच्या साइटवर येतं.

थोडक्यात, टॅग असो, स्टोरीवरचं लिंक स्टिकर असो की मेसेजमधून पाठवलेली लिंक, सगळ्यांच्या मागे एक वेब पत्ताच असतो. त्या पत्त्यात काय भरलंय यावर पुढचं सगळं ठरतं. पत्ता नुसता दुकानाच्या पहिल्या पानाचा असेल, तर गिऱ्हाइकाला साठ साड्यांत सतरा नंबर शोधत बसावं लागतं. तेवढ्यात लाइव्हमध्ये अठरावी आलेली असते, आणि ती परत तिकडे जाते.

आधी नंबरांची जुळणी

चिठ्ठीवरचा नंबर दर आठवड्याला पुन्हा एकपासून सुरू होतो. साइटवर मात्र प्रत्येक साडीला कायमचा वेगळा क्रमांक मिळतो. वूकॉमर्सच्या वस्तूंच्या यादीत नावावर माउस नेला की तो `ID: 417` असा दिसतो. लाइव्हच्या आदल्या दिवशी सगळ्या साड्या साइटवर चढवायच्या, प्रत्येकीचा साठा १ ठेवायचा, आणि एका शीटमध्ये दोन रकाने करायचे: चिठ्ठीचा नंबर आणि साइटचा क्रमांक. आमच्या उदाहरणात १७ म्हणजे 417. हे काम कंटाळवाणं आहे, पण इथे एक ओळ खालीवर सरकली तर हिरवी साडी मागणारीला जांभळी जाते. म्हणून लाइव्हच्या आधी कुठल्याही पाच लिंक उघडून फोटो ताडून बघायचा नियम आम्ही केलाय.

पोस्टवर टॅग करायचे असतील तर हाच माल मेटाच्या कॅटलॉगमध्येही जातो. जोडणारं प्लगिन तिथे क्रमांक जसाच्या तसा पाठवेल असं नाही. ते `wc_post_id_417` असं काहीतरी स्वतःचं जोडून पाठवतं. प्लगिन स्वतःच लिंक बनवत असेल तर त्याने काही बिघडत नाही. पण तुम्ही हाताने चेकआउटचा पत्ता लिहून दिला असेल, तर साइटला तो शब्द कळत नाही आणि गिऱ्हाइकासमोर रिकामी पिशवी, म्हणजे रिकामं कार्ट उघडतं. टॅगवरून आलेल्यांचीच पिशवी रिकामी आणि बाकीच्यांची भरलेली असेल, तर दोष इथे आहे असं समजा.

साडी हातात घेऊन चेकआउटला नेणारी लिंक

वूकॉमर्समध्ये साधी लिंक अशी बनते:

```
https://example.com/checkout/?add-to-cart=417
```

ही उघडताच 417 क्रमांकाची साडी पिशवीत पडते आणि गिऱ्हाईक थेट पत्ता भरायच्या पानावर येतं. शॉपिफायवर दुकान असेल तर तोच परिणाम या लिंकने मिळतो:

```
https://example.com/cart/VARIANT_ID:1
```

इथे `VARIANT_ID` च्या जागी वस्तूचा नव्हे, तर तिच्या रंगाचा किंवा मापाचा क्रमांक लागतो. एकच प्रकार असला तरी त्याला वेगळा क्रमांक असतोच. वस्तूच्या पानाच्या पत्त्यापुढे `.json` लावून बघितलं की तो सापडतो.

वूकॉमर्सच्या लिंकमध्ये दोन खाचखळगे आहेत. पहिला म्हणजे सेटिंग. वस्तू पिशवीत टाकल्यावर पिशवीचं पान दाखवा, अशी खूण तिथे केलेली असेल, तर तुम्ही लिंकमध्ये चेकआउट लिहिलं तरी गिऱ्हाईक पिशवीच्याच पानावर पोचतं. `Redirect to the cart page after successful addition` ही खूण काढून टाका. दुसरा खळगा रिफ्रेशचा. लिंक पत्त्याच्या पट्टीत तशीच राहते, त्यामुळे पान पुन्हा लोड झालं की साइट साडी पुन्हा पिशवीत टाकायला जाते. साठा एकच असेल तर दुसरी पडत नाही, पण लाल चौकटीत सूचना येते आणि गिऱ्हाइकाला वाटतं की साडी गेली. वस्तूच्या `Inventory` भागात एका ऑर्डरला एकच नग अशी खूण करा आणि ती सूचना साध्या मराठीत बदलून घ्या. आम्ही लिहिलं, "ही साडी तुमच्या पिशवीत आहेच, खाली पत्ता भरा."

लिंक लाइव्हमध्ये पोचवायची कशी?

इन्स्टाग्रामच्या कॉमेंटमध्ये लिंक टाकली तर ती दाबता येत नाही, नुसता मजकूर दिसतो. बायोमधल्या लिंककडे जायचं तर लाइव्ह सोडावं लागतं. त्यामुळे खरा मार्ग उरतो तो मेसेजचा: तिने "17" लिहिलं की तिला खासगी मेसेजमध्ये सतराची लिंक. हे आपोआप करून देणारी साधनं मिळतात, त्यासाठी खातं प्रोफेशनल असावं लागतं. यात इन्स्टाग्रामचे दोन नियम आहेत. एका कॉमेंटला असा एकच मेसेज जातो, आणि लाइव्हवरच्या कॉमेंटला तो लाइव्ह चालू असतानाच पाठवता येतो. पोस्टवरच्या कॉमेंटला सात दिवसांची मुदत असते, लाइव्हला नाही. लाइव्ह संपल्यावर निवांत पाठवू म्हटलं तर दार बंद झालेलं असतं.

शब्दांचीही तयारी हवी. साधनाला नुसतं "17" शिकवलं तर "१७" आणि "सतरा" लिहिणाऱ्या बायका कोरड्या राहतात. तिन्ही रूपं भरा. "17 ची किंमत?" असं विचारणारीलाही लिंक जाईल, ते चालेल. पण मेसेजमध्ये किंमत आणि कुरिअरचा खर्च आधीच लिहा: "१७ नंबर, खण, हिरवी. ₹१,८५० + कुरिअर ₹८०. पैसे भरेपर्यंत साडी राखून ठेवलेली नाही." शेवटचं वाक्य ताईंना उद्धट वाटलं होतं. आता त्याच ते लाइव्हमध्ये बोलूनही दाखवतात.

इन्स्टाग्रामच्या पोटातला ब्राउझर

सगळ्यात जास्त गिऱ्हाइकं आमच्या हातून इथे सुटत होती, आणि ते कळायला तीन आठवडे गेले. मेसेजमधली लिंक दाबली की क्रोम उघडत नाही. इन्स्टाग्रामच्या आतच एक ब्राउझर उघडतो. त्याच्या कुकीज वेगळ्या असतात, त्यामुळे गिऱ्हाइकाने क्रोममध्ये तुमच्या दुकानात लॉगिन केलेलं असलं तरी इथे ती अनोळखी असते. जतन केलेला पत्ता आपोआप भरला जाईल याचाही भरवसा नाही. म्हणून लॉगिनची सक्ती नको, पाहुणी म्हणून ऑर्डर देता आलीच पाहिजे. आणि रकाने कमी करा. कंपनीचं नाव, पत्त्याची दुसरी ओळ, सगळं काढा. ईमेलही आम्ही ऐच्छिक केला, कारण ताईंच्या निम्म्या गिऱ्हाइकांना स्वतःचा ईमेल आठवत नाही. मोबाइल नंबर मात्र सक्तीचा, कारण कुरिअरवाला फोन करणारच.

खरी गोची यूपीआयची. चेकआउटवर फोनपे किंवा गुगल पेचं चिन्ह दाबलं, की पान फोनला `upi://pay` ने सुरू होणारा पत्ता देतं आणि फोनने त्यावरून यूपीआय ॲप उघडायचं असतं. क्रोममध्ये हे बिनबोभाट होतं. ॲपच्या आतल्या ब्राउझरला मात्र असा पत्ता पुढे द्यायला शिकवलेलं असेल तरच ॲप उघडतं. नसेल तर पांढऱ्या पानावर `ERR_UNKNOWN_URL_SCHEME` दिसतं, किंवा काहीच होत नाही. गिऱ्हाईक दोनदा दाबतं आणि निघून जातं. फोन कुठला, इन्स्टाग्रामची आवृत्ती कुठली, गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन दुकानाला पोचवणारा पेमेंट गेटवे कुठला, यावर हे बदलतं. त्यामुळे "माझ्या फोनवर तर चालतंय" याला अर्थ नाही. किमान तीन वेगळ्या फोनवर, मेसेजमधूनच लिंक उघडून, दहा रुपयांची खोटी साडी खरे पैसे भरून घेऊन बघा.

यावर दोन उपाय लागू पडले. पहिला असा: उजवीकडच्या तीन टिंबांवर दाबून पान बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडता येतं. पण ते कुठल्या टप्प्यावर उघडायचं याला महत्त्व आहे. पत्ता भरताना उघडलं तर नव्या ब्राउझरमध्ये साडी येते, पण भरलेला पत्ता गेलेला असतो. `Place order` दाबल्यानंतर मात्र आमच्या दुकानात पैसे भरायचं पान असं असतं:

```
https://example.com/checkout/order-pay/912/?key=wc_order_xxxx
```

या पत्त्यात ऑर्डरचा क्रमांक आणि तिची किल्ली दोन्ही आहेत, त्यामुळे तो कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडला तरी तीच ऑर्डर समोर येते. म्हणून "ॲप उघडत नाही? वरच्या तीन टिंबांवर दाबा आणि हे पान बाहेर उघडा" ही ओळ आम्ही याच पानावर लिहिली, आधीच्या पानावर नाही.

दुसरा उपाय व्हॉट्सॲपचा. व्हॉट्सॲपमधली लिंक फोनच्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडते, आणि तिथून यूपीआय ॲप सरळ उघडतं. ऑर्डर पडून पाच मिनिटं झाली आणि पैसे आले नाहीत, तर ताईंची मुलगी ऑर्डर उघडते, तिथे `Customer payment page` अशी लिंक असते, ती कॉपी करून गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर पाठवते. पत्ता पुन्हा भरायचा नाही, साडी पुन्हा शोधायची नाही, फक्त पैसे भरायचे. लाइव्हच्या वेळी हे एका माणसाचं पूर्ण वेळचं काम आहे. साडी दाखवणारीने ते करायचं नाही.

एक साडी, तीन गिऱ्हाइकं

एकच नग असलेल्या मालाला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा, की साडी नेमकी कधी अडकते. पिशवीत टाकल्यावर ती कुणाच्याच नावावर होत नाही. आम्ही वापरतो त्या जुन्या शॉर्टकोडच्या चेकआउटमध्ये ती अडकते `Place order` दाबल्यावर. पैसे न आलेली ऑर्डर किती मिनिटं साडी धरून ठेवेल हे `Hold stock` या सेटिंगमध्ये लिहायचं असतं. तिथे मुळात ६० लिहिलेलं येतं. लाइव्हला तासभर म्हणजे फार झालं, कारण तोवर कार्यक्रम संपतो आणि साडी कुणाच्याच हाती लागत नाही. आम्ही १५ केलं.

त्या १५ मिनिटांत काय घडतं ते एका गुरुवारच्या सतरा नंबरवरून बघा. ९:१४ ला साडी दाखवली, मिनिटभरात चार कॉमेंट आणि चार मेसेज गेले. ९:१८ ला नाशिकच्या बाईंनी `Place order` दाबलं आणि साडी त्यांच्या नावावर अडकली. ९:१९ ला कोल्हापूरच्या बाईंनी दाबलं, त्यांना साठा संपल्याची सूचना मिळाली. नाशिकच्या बाईंचं यूपीआय ॲप उघडेना, त्या खटपट करत राहिल्या. शेवटी ९:३२ ला त्यांनी पिन टाकला, पण बँकेचं उत्तर लटकलं. ९:३३ नंतर साइटने ऑर्डर रद्द केली आणि साठा पुन्हा १ झाला. ९:३५ ला पुण्याच्या बाईंनी, ज्या पान उघडून वाट बघत होत्या, साडी घेतली आणि लगेच पैसे भरले. ९:३७ ला नाशिकच्या बँकेने होकार दिला. पैसे आले, तेही रद्द झालेल्या ऑर्डरवर.

हा पेच कुठल्याही सेटिंगने पूर्ण जात नाही. मुदत वाढवली तर खोट्या बुकिंगला साडी अडकते, कमी केली तर उशिरा आलेले पैसे वाढतात. आमचा नियम असा: साडी पुण्याला, आणि नाशिकचे पैसे त्याच रात्री गेटवेमधून परत, सोबत फोन. सोमवारी बघू म्हटलं की त्या बाई पुन्हा लाइव्हला येत नाहीत.

इथे एक फरक नीट समजून घ्या, कारण गिऱ्हाईक रागात असतं आणि उत्तर पटकन द्यावं लागतं. पैसे गिऱ्हाइकाच्या खात्यातून गेले पण दुकानाला पोचल्याचं कळलंच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमाप्रमाणे ते व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांत आपोआप परत जायला हवेत, आणि त्यापुढे दर दिवसाला ₹१०० भरपाई. पैसे तुमच्या गेटवेमध्ये जमा दिसत असतील तर तो नियम लागू नाही, परत करायचं काम तुमचं. म्हणून आधी गेटवेमध्ये बघा, मगच बोला.

त्या उशिराच्या पैशांची बातमी साइटला मिळते कशी, हेही बघून घ्या. पैसे भरल्यावर गिऱ्हाईक यूपीआय ॲपमधून परत येतं तेव्हा इन्स्टाग्रामचं पान बऱ्याचदा मिटलेलं असतं, खास करून कमी मेमरीच्या फोनवर. "धन्यवाद"चं पान उघडलंच नाही म्हणून ऑर्डर अपूर्ण राहिली, असं होऊ नये. त्यासाठी गेटवेने साइटला परस्पर निरोप द्यायला हवा. त्याला वेबहुक म्हणतात. रेझरपेमध्ये तो `payment.captured` किंवा `order.paid` या नावाने चालू करता येतो. चालू आहे की नाही हे तपासायची सोपी रीत: पिन टाकल्याबरोबर ब्राउझर बंद करा आणि दोन मिनिटांनी ऑर्डर बघा. ती `Processing` झाली असेल तर वेबहुक चालू आहे. अजून `Pending payment` असेल तर तुमचं दुकान "धन्यवाद"च्या पानाच्या भरवशावर चाललंय.

घरपोच रोख लाइव्हसाठी आम्ही बंदच ठेवलं. एकुलती साडी आठ दिवस फिरून परत आली, की तिचा हंगाम गेलेला असतो. आणि पंधरा मिनिटांचं उलटं घड्याळ पानावर लावायचं असेल तर ते खऱ्या मुदतीचंच लावा. गिऱ्हाइकाला फसवून खरेदीला भाग पाडणाऱ्या युक्त्यांना डार्क पॅटर्न म्हणतात, आणि खोटी घाई दाखवणं त्यांच्यावरच्या केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट मना आहे. गिऱ्हाइकाला न विचारता पिशवीत देणगी किंवा पॅकिंगचे वीस रुपये टाकणंही त्यातच येतं.

गळती कुठे आहे?

दर शुक्रवारी सकाळी चार आकडे एका ओळीत लिहायचे: किती मेसेज गेले, किती लिंक उघडल्या, किती ऑर्डर पडल्या, किती पैसे आले. लिंक उघडल्याचा आकडा मिळावा म्हणून तिच्या शेवटी `&utm_source=instagram&utm_medium=live` जोडा.

मेसेज भरपूर आणि उघडलेल्या लिंक थोड्या, तर मेसेज तिच्या रिक्वेस्टच्या खणात पडून आहेत. लाइव्हमध्ये मोठ्याने सांगा की रिक्वेस्टमध्ये बघा. लिंक उघडल्या पण ऑर्डर नाहीत, तर फॉर्म लांब आहे किंवा कुरिअरचा खर्च शेवटी दिसतोय. ऑर्डर पडल्या पण पैसे नाहीत, तर गेटवेच्या यादीत जाऊन बघा. तिथे फसलेले प्रयत्न दिसत असतील तर अडचण बँकेकडे किंवा गिऱ्हाइकाच्या मर्यादेत आहे. तिथे एकही प्रयत्न नोंदलेला नसेल, तर यूपीआय ॲप उघडलंच नाही. ताईंकडे तिसऱ्या आठवड्यात ४१ ऑर्डर होत्या, पैसे २२ जणींचे आले, आणि उरलेल्या १९ पैकी १६ जणींचा गेटवेमध्ये मागमूस नव्हता. तिथून आम्ही आतल्या ब्राउझरपर्यंत पोचलो, आणि त्यानंतरच्या गुरुवारपासून मुलगी व्हॉट्सॲप घेऊन शेजारी बसायला लागली.